आराखडा दाखवण्याआधीची सही

१९६७ साली इंग्लंडमध्ये कोको नावाच्या एका संशोधकाने मोपेडचे इंजिन तयार केले होते. ते बाजारात आणायचे तर कारखाना हवा, म्हणून तो ए. एन. क्लार्क या कंपनीकडे गेला. एप्रिलपासून जुलैपर्यंत बोलणी चालली. या काळात त्याने आपली रेखाचित्रे, सुटे भाग आणि कल्पना कंपनीसमोर मोकळेपणाने मांडल्या. मग बोलणी फिसकटली. पुढे कंपनीने स्वतःचे मोपेड काढायला घेतले आणि त्याच्या इंजिनात आपल्या इंजिनाची नक्कल आहे, असे म्हणत कोको न्यायालयात गेला. दोघांमध्ये लेखी करार कसलाच नव्हता.

१९६८ मध्ये न्यायमूर्ती मेगरी यांनी कंपनीला अंतरिम मनाई करायला नकार दिला. इंजिन दाखल झाले तर दर इंजिनामागे पाच शिलिंग वेगळ्या खात्यात ठेवू, अशी हमी कंपनीने दिली होती. कोकोच्या हाती तेवढेच लागले. मात्र या निकालात गोपनीयतेच्या दाव्याच्या ज्या तीन कसोट्या सांगितल्या गेल्या, त्या भारतातली न्यायालयेही आजवर वापरत आली आहेत. माहिती खरोखर गोपनीय स्वरूपाची हवी, ती विश्वासाने दिली गेलेली हवी आणि परवानगीशिवाय तिचा वापर झालेला हवा. दुसऱ्या कसोटीवर न्यायमूर्तींचे मत कोकोला अनुकूल होते, कारण एकत्र उत्पादन करण्याच्या उद्देशाने चाललेल्या बोलण्यांत समोरच्यावर गोपनीयतेची जबाबदारी सहसा येतेच. अडले ते पहिल्या कसोटीवर. नेमकी कोणती माहिती गोपनीय होती आणि ती इतरांना ठाऊक नव्हती, हे कोकोला दाखवता आले नाही.

गोपनीयता करार, म्हणजे ज्याला व्यवहारात सगळे ‘एनडीए’ म्हणतात, तो याच जागी कामाला येतो. करारावर सही झाली की माहिती विश्वासाने दिली होती का, हा वाद उरत नाही. आणि करार नीट लिहिलेला असेल, तर गोपनीय काय होते हेही आधीच कागदावर ठरलेले असते.

मुंबई उच्च न्यायालयापुढे आलेली दोन प्रकरणे शेजारी ठेवली की हा फरक ठळक दिसतो. पहिले २००३ चे. सनडायल कम्युनिकेशन्स या निर्मिती संस्थेने आधुनिक कुटुंबात वावरणाऱ्या बालकृष्णाची मालिका योजली होती. तिची लेखी संकल्पना त्यांनी झी टेलिफिल्म्सला विश्वासाने दाखवली. नंतर त्याच वळणाची मालिका झीकडून येत असल्याचे कळल्यावर सनडायलने न्यायालय गाठले. देवाची गोष्ट सगळ्यांनाच ठाऊक असते, हा युक्तिवाद चालला नाही. सर्वांना माहीत असलेल्या घटकांतूनही कुणी कष्टाने नवी, पुरेशी विकसित संकल्पना उभी केली असेल, तर ती गोपनीय ठरू शकते, असे न्यायालयाने म्हटले आणि मनाई हुकूम कायम राहिला.

दुसरे २०२१ चे. ‘झोंबिवली’ हा मराठी चित्रपट प्रदर्शित होण्याआधी एका लेखकाने दावा केला की, निर्मात्यांना आपण दिलेल्या झोंबीकथेवरच तो बेतलेला आहे. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी चित्रपट रोखायला नकार दिला. झोंबी येतात आणि माणसे त्यांच्याशी झुंजतात, एवढी कल्पना कुणा एकाची मालमत्ता होऊ शकत नाही. आपल्या कथेतली कोणती विशिष्ट माहिती गोपनीय होती, हे दावा करणाऱ्याने अचूक दाखवायला हवे, असा या निकालाचा रोख आहे. नक्कल झाली एवढे सांगून भागत नाही, काय उचलले गेले त्यावर बोट ठेवता आले पाहिजे.

आता हेच एखाद्या छोट्या उद्योगाच्या बाबतीत पाहू. समजा, तासगावच्या एका वर्कशॉपमालकाने बेदाण्याचे देठ काढणारे सुधारित यंत्र बनवले आहे. दाणा न फुटता देठ निघतो, हे त्याचे वैशिष्ट्य. मोठ्या प्रमाणावर उत्पादन करण्यासाठी त्याला पुण्यातल्या एका कंपनीशी भागीदारी करायची आहे. कंपनीचा फोन येतो, “ड्रॉइंग पाठवून द्या, बघतो.” बहुतेकांचा घात इथेच होतो, कारण पुढच्या पाचव्या मिनिटाला फाइल व्हॉट्सॲपवर गेलेली असते. माहिती दिल्यानंतर करार मागितला, तर आधी गेलेल्या माहितीचे काय, हा नवा प्रश्न उभा राहतो. ती माहितीही या कराराखाली येते असे त्यात स्पष्ट लिहून घ्यावे लागते, आणि समोरच्याला ते मान्य होईलच असे नाही.

म्हणून तो आधी एका पानाची माहिती पाठवतो. यंत्र काय करते, तासाला किती किलो माल काढते, किती वीज घेते, एवढेच त्यात असते. ते कसे होते, ते नसते. हे पान उद्या कुणीही वाचले तरी बिघडणार नाही, असे ते असायला हवे. कंपनीला रस वाटला आणि तपशील हवे झाले, की करार मागायची वेळ येते. अनेकांना इथे संकोच वाटतो. समोरच्यावर अविश्वास दाखवल्यासारखे होईल, ही भीती असते. प्रत्यक्षात उत्पादन क्षेत्रातल्या कंपन्यांना ही मागणी ओळखीची असते. साधा ईमेल पुरतो: “साहेब, पुढच्या बैठकीत रेखाचित्रे आणि चाचण्यांच्या नोंदी दाखवायच्या आहेत. त्याआधी सोबतचा गोपनीयता करार पाहून घ्यावा, ही विनंती. काही बदल हवे असतील तर कळवा. सही झाली की बैठकीची तारीख ठरवू.” अशा पत्रात करार आणि बैठक एकमेकांना बांधलेली असतात, त्यामुळे करार मागे पडत नाही.

कराराचा मसुदा दोन-तीन पानांचा असला तरी चालतो. त्यात सर्वांत जास्त विचार हवा तो परिशिष्टावर. “सर्व तांत्रिक व व्यापारी माहिती” एवढेच लिहिले, तर कोकोच्या वाटेने जावे लागते. त्यापेक्षा तासगावचा मालक परिशिष्टात लिहितो: रेखाचित्रे क्रमांक १ ते ६, रोलरमधले अंतर आणि फेऱ्यांचा वेग यांचा तक्ता, दोन हंगामांतल्या चाचण्यांची नोंदवही, सुट्या भागांचे पुरवठादार आणि त्यांचे दर. त्यापुढे हेतूचे कलम येते. ही माहिती फक्त “यंत्राच्या संयुक्त उत्पादनाची शक्यता तपासण्यासाठी” वापरता येईल. हे कलम नसेल, तर कंपनीने माहिती बाहेर फोडली नाही, पण स्वतःच वापरली, अशी पळवाट राहते.

प्रत्येक वाजवी करारात काही माहिती वगळलेलीही असते. जी आधीपासून सर्वांना ठाऊक आहे, जी कंपनीकडे आधीच लेखी स्वरूपात होती किंवा जी तिने दुसऱ्याकडून रीतसर मिळवली, ती माहिती कराराच्या बाहेर राहते. यात वावगे काही नाही. मात्र मोठ्या कंपन्या आपला मसुदा पुढे करतात, तेव्हा दोन कलमे शोधावीत. एक असे की, कर्मचाऱ्यांच्या स्मरणात राहिलेली माहिती वापरायला मोकळीक राहील. रोलरमधले अंतर हा एक आकडाच असतो, तो लक्षात ठेवायला कागद लागत नाही. असे कलम काढून टाकायलाच सांगावे. दुसरे असे की, तोंडी सांगितलेली माहिती ठरावीक दिवसांत लेखी कळवली, तरच ती गोपनीय धरली जाईल. हे मान्य करायला हरकत नाही, पण मग बैठकीनंतर ते पत्र न चुकता पाठवावे लागते.

रागाच्या भरात कठोर कलमे घालूनही उपयोग होत नाही. “कंपनी पुढची दहा वर्षे बेदाण्याच्या यंत्रांचा धंदा करणार नाही,” असे लिहिले, तर १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम २७ आडवे येते. धंदा करण्यापासूनच रोखणारा करार त्या कलमाखाली रद्दबातल ठरू शकतो. बंधन माहितीच्या वापरावर असावे, धंद्यावर नव्हे. तसेच “भंग झाल्यास ५० लाख रुपये” असे लिहिले, तरी तेवढे मिळतीलच असे नाही. कलम ७४ प्रमाणे न्यायालय वाजवी भरपाई ठरवते, आणि करारातला आकडा ही तिची कमाल मर्यादा असते.

सही कोण करतो, यालाही महत्त्व आहे. बैठकीला आलेल्या अभियंत्याची सही घेऊन भागत नाही. करार कंपनीच्या नावाने हवा आणि सही करणाऱ्याला तसा अधिकार हवा. महाराष्ट्रात अशा करारासाठी ऑक्टोबर २०२४ पासून १०० ऐवजी ५०० रुपयांचे मुद्रांक शुल्क लागते. ते भरलेले नसेल तर करार रद्द होत नाही, पण थकलेले शुल्क आणि दंड भरेपर्यंत तो न्यायालयात पुरावा म्हणून घेतला जात नाही. मनाई हुकूम तातडीने हवा असतो, तेव्हा हा उशीर महागात पडतो.

काही जण सही करणारच नाहीत. नवउद्योगांत पैसे गुंतवणारे फंड पहिल्या भेटीत गोपनीयता करार सहसा करत नाहीत, कारण त्यांच्यापुढे एकाच धाटणीचे अनेक प्रस्ताव येत असतात. त्यांना यंत्राचे अंतरंग दाखवायची गरजही नसते, ग्राहक, विक्री आणि नफ्याचे गणित पुरते. उत्पादक कंपनीने नकार दिला, तर तासगावच्या मालकापुढे पेटंटचा मार्ग राहतो. तात्पुरता अर्ज दाखल करून तो आपली तारीख पक्की करू शकतो आणि पूर्ण तपशिलांचा अर्ज पुढच्या १२ महिन्यांत करू शकतो. करार झाला असला तरी हा विचार त्याला करावाच लागतो. यंत्र बाजारात आले की कुणीही ते विकत घेऊन उघडून पाहू शकतो, आणि उघड्या डोळ्यांना जे दिसते ते त्यानंतर गुपित राहत नाही. गोपनीयता करार बोलण्यांच्या काळापुरता आणि यंत्र पाहून न कळणाऱ्या माहितीपुरता उपयोगी असतो. यंत्रणेच्या रचनेचे रक्षण पेटंटच करू शकते.

व्यापारी गुपितांसाठी स्वतंत्र कायदा भारतात आलेला नाही. विधी आयोगाने मार्च २०२४ मध्ये आपल्या २८९ व्या अहवालात त्याची शिफारस केली आणि मसुदाही जोडला. तोवर भिस्त राहते ती करारावर, न्यायालयांनी घालून दिलेल्या कसोट्यांवर आणि ज्याने-त्याने ठेवलेल्या नोंदींवर.

म्हणून सही झालेला करार कपाटात ठेवून तासगावचा मालक बैठकीला जातो, तेव्हा त्याच्याबरोबरच्या प्रत्येक कागदावर ‘गोपनीय’ असा शिक्का, क्रमांक आणि तारीख असते. चाचणीची नोंदवही तो दाखवतो, पण तिची प्रत देत नाही. त्याच संध्याकाळी कंपनीला त्याचा ईमेल जातो: “आजच्या बैठकीत परिशिष्टातील रेखाचित्रे १ ते ४ आणि रोलरचा तक्ता दाखवला. दुसऱ्या हंगामात वेग का कमी केला, ते तोंडी सांगितले. ही सर्व माहिती आपल्या करारानुसार गोपनीय आहे. रेखाचित्रे ५ आणि ६ पुढच्या टप्प्यावर दाखवू.”