रोख कसर : किती, कोणाला आणि कोणत्या अटींवर?

भोर आणि राजगड हे दोन्ही तालुके प्रामुख्याने भाताचे. आषाढ-श्रावणात शेतकऱ्याचा पैसा लावणीत आणि खतांत गुंतलेला असतो. तो मोकळा होतो भात विकला गेल्यावर, म्हणजे दिवाळीच्या सुमारास व त्यानंतर. खेडेगावातील किराणा दुकानदाराची उधारी याच चक्राने चालते आणि त्याला माल पुरविणाऱ्या घाऊक व्यापाऱ्याची वसुलीही. लवकर पैसे देणाऱ्या ग्राहकास थोडी रोख कसर देण्याचा विचार करताना हे चक्र प्रथम ध्यानी घ्यावे.

कसरीचे तत्त्व आपल्या पेढ्यांना नवीन नाही. मुदती हुंडी मुदतीपूर्वी वटविताना जो वटाव कापला जाई, तो न सरलेल्या दिवसांचे व्याजच असे. रोख कसरही तशीच दिवसांची किंमत आहे. म्हणून तिचा दर अंदाजाने न ठरविता हिशेबाने ठरवावा.

एक उदाहरण घेऊ. समजा, भोरच्या एका घाऊक व्यापाऱ्याने वेल्ह्याकडील दुकानदारास १,००,००० रुपयांचे खाद्यतेल पाठविले. ५ टक्के जीएसटी धरून बिल १,०५,००० रुपयांचे झाले. मुदत ४५ दिवसांची, आणि १० दिवसांत पैसे दिल्यास कराआधीच्या किमतीवर १ टक्का कसर. दुकानदाराने दहाव्या दिवशी १,०४,००० रुपये भरले, तर व्यापाऱ्यास पैसे ३५ दिवस आधी मिळाले. त्याच्या कॅश क्रेडिट खात्यावर ११ टक्के व्याज असेल, तर वाचलेले व्याज सुमारे १,०९७ रुपये आणि दिलेली कसर १,००० रुपये. व्यवहार जेमतेम फायद्याचा ठरला. हीच कसर २ टक्के ठेवली असती, तर सुमारे १,०८६ रुपये वाचविण्यासाठी २,००० रुपये खर्ची पडले असते. तेलासारख्या अल्प नफ्याच्या मालात हा फरक फार मोठा आहे.

मात्र बिलावर ४५ दिवस लिहिले तरी पैसे प्रत्यक्षात साठाव्या दिवशी येत असतील, तर हिशेब ५० दिवसांचा करावा. तेव्हा दीड टक्का कसरही परवडते. यासाठी गेल्या वर्षाच्या खातेवहीतून प्रत्येक ग्राहकाचे पैसे सरासरी किती दिवसांनी आले, ते काढावे. जो ग्राहक आजही आठवड्यात पैसे देतो, त्याला कसर दिल्याने आपले काहीच वाचत नाही. परंतु योजना जाहीर केली की तोही ती मागणारच. हा खर्च आधीच हिशेबात धरावा.

दुकानदाराच्या बाजूनेही पाहावे. ३५ दिवसांसाठी १ टक्का म्हणजे वर्षाला सुमारे १० टक्के. ज्याचा पैसा चालू खात्यात बिनव्याजी पडून आहे, त्याला हे लाभाचे. जो स्वतः याहून महाग कर्ज काढतो, तो कसर घेणार नाही. म्हणून भाताचे पैसे हाती आल्यानंतरच्या महिन्यांत ही योजना अधिक चालते. ऐन पावसाळ्यात ती फसली, तर दर वाढविण्याचा मोह टाळावा; तेव्हा ग्राहकाजवळ पैसाच नसतो.

खरे वाद निर्माण होतात ते अटींच्या संदिग्धतेतून. दहा दिवस बिलाच्या तारखेपासून की माल पोहोचल्यापासून? घाटरस्त्याने, पावसात माल उशिरा पोहोचला, तर दुकानदार बिलाची तारीख मान्य करीत नाही. धनादेश दिला तो दिवस धरायचा, की रक्कम जमा झाली तो? अर्धेच पैसे आले तर काय? यांची उत्तरे बिलावरच असावीत. उदाहरणार्थ :

‘माल पोहोचल्याच्या तारखेपासून १० दिवसांत संपूर्ण रक्कम आमच्या बँक खात्यात जमा झाल्यास कराआधीच्या किमतीवर १ टक्का रोख कसर. दहावा दिवस बँकेच्या सुट्टीचा असल्यास पुढील कामकाजाचा दिवस धरला जाईल. अंशतः भरण्यावर कसर नाही. अन्यथा त्याच तारखेपासून ४५ दिवसांत पूर्ण रक्कम देय.’

पोच पावतीवर दुकानदाराची सही व तारीख घेतली, की दिवस मोजण्याचा प्रश्न उरत नाही.

हिशेबात बिल पूर्ण रकमेनेच नोंदवावे आणि पैसे आल्यावर कसरीची वेगळी नोंद करावी. कसर केवळ मालाच्या किमतीवर देऊन कराची रक्कम तशीच ठेवल्यास व्यवहार सोपा राहतो. बिलावरील कर कमी करायचा असेल, तर त्याचे नियम वेगळे आहेत. तेव्हा आपल्या कर सल्लागारास विचारूनच क्रेडिट नोट काढावी.

शेवटची अट पाळण्याची आहे. बाराव्या दिवशी पैसे पाठवून कसर कापून घेणाऱ्या ग्राहकाकडे फरकाची रक्कम त्याच आठवड्यात, सौजन्याने पण लेखी मागावी. एकदा सोडून दिले, की १० दिवसांची मुदत कागदावरच राहते आणि कसर हा मालाचा नेहमीचा भाव होऊन बसतो.