नाव सुचवण्याआधी चार प्रश्न

‘बाळासाठी छान, छोटं, वेगळं नाव सुचवा.’ बारशाच्या तोंडावर आत्याला, मावशीला, शेजारच्या मराठीच्या बाईंना असा निरोप येतो. तासाभरात तीस-चाळीस नावं जमतात आणि बहुधा त्यातलं एकही ठेवलं जात नाही. नावं वाईट नसतात. मुलगा की मुलगी, अक्षर कोणतं, घरची रीत काय आणि अर्थ किती महत्त्वाचा, यातलं काहीच त्या निरोपात नसतं.

पहिला प्रश्न एका शब्दात सुटतो, पण बाळ जन्माला आल्यावरच. १९९४च्या कायद्यानुसार आपल्याकडे जन्माआधी लिंग सांगण्यास बंदी आहे. त्यामुळे आधीच नाव हवं असेल तर दोन याद्या कराव्यात, किंवा किरण, शीतल यांसारखी दोघांनाही चालणारी नावं काढावीत.

खरी अडचण अक्षराची. चंद्र ज्या नक्षत्राच्या ज्या चरणात असेल, त्यावरून हे अक्षर ठरतं. सत्तावीस नक्षत्रांचे प्रत्येकी चार म्हणजे एकूण १०८ चरण, आणि एक चरण ओलांडायला चंद्राला साधारण सहा तास लागतात. म्हणून नुसती तारीख सांगून भागत नाही, जन्मवेळ लागते. समजा, मुलीचा जन्म हस्त नक्षत्राच्या तिसऱ्या चरणावर झाला. हस्ताची अक्षरं पू, ष, ण, ठ. म्हणजे तिच्या वाट्याला ‘ण’ आला, आणि ‘ण’ने सुरू होणारं नाव मराठीत शोधून सापडत नाही. शिवाय हे उत्तर दाते पंचांगाचं असेल, तर टिळक पंचांगात ते वेगळं येईल. दोन्हींच्या अयनांशात साधारण चार अंशांचा फरक आहे आणि एक चरण आहे तीन अंश वीस कलांचा. त्यामुळे त्याच मुलीचा चरण टिळक पंचांगात हस्ताचा चौथा किंवा थेट चित्रेचा पहिला निघेल; अक्षर ‘ठ’ किंवा ‘पे’. घरात कोणतं पंचांग मानतात, हे म्हणूनच आधी विचारायचं.

यावर जुना आणि सोपा तोडगा आहे. पत्रिकेतलं जन्मनाव वेगळं, हाक मारायचं व्यवहारातलं नाव वेगळं. काही घरांत चरणाऐवजी राशीचं अक्षर चालतं. कन्या राशीला ‘प’ चालतो म्हटलं की ‘ण’पाशी अडलेल्या आईबाबांसमोर पल्लवी, प्राजक्ता, पूर्वा, पद्मजा अशी रांग उभी राहते.

त्या रांगेतून निवड करते ती रीत. कुलदैवत कोल्हापूरची महालक्ष्मी असेल आणि देवीचं नाव ठेवायची पद्धत असेल, तर पद्मजा पुढे सरकतं. काही घरांत नातवाला आजोबांचंच नाव देतात. काही घरांत हयात वडीलधाऱ्यांचं नाव बाळाला मुळीच देत नाहीत, कारण बाळाला त्या नावानं रागावणार कसं? दोन्ही रीती मनापासून पाळल्या जातात आणि एकमेकींच्या अगदी उलट आहेत. म्हणून आजी-आजोबा, काका-काकू, आत्या यांच्या नावांची यादी मागून घ्यावी.

अर्थाबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. ‘अर्थ काही का असेना’ असं म्हणणाऱ्यांनी साताऱ्याच्या मुली आठवाव्यात. मुलाची वाट पाहणाऱ्या घरांत ‘नकुशा’ म्हणजे नकोशी हे नाव मिळालेल्या २८५ मुलींना २०११ साली तिथल्या जिल्हा परिषदेच्या पुढाकारानं नवी नावं देण्यात आली. धोंडू, केरबा ही नावंही वरवर रुक्ष, पण ती बहुधा आधीची मुलं दगावलेल्या घरांत, बाळाला दृष्ट लागू नये म्हणून ठेवलेली. त्या दोन्हींमागचा हेतू एक नव्हता, हेही लक्षात घ्यायला हवं.

आज अडचण उलटी आहे. छापील पुस्तिकांत आणि मोबाइलवरच्या याद्यांत अर्थ सुंदर असतो, पण खरा असेलच असं नाही. ‘आरव’ म्हणजे शांत, असं सर्रास लिहिलेलं आढळतं. संस्कृत कोशात आरव म्हणजे आवाज, ओरडा. नाव ऐकायला गोड आहे आणि ठेवायलाही हरकत नाही, पण ‘शांत’ म्हणून ठेवू नये. वामन शिवराम आपट्यांचा संस्कृत कोश किंवा मोल्सवर्थचा मराठी कोश उघडून पाहायला दोन मिनिटं लागतात.

नाव नक्की झालं की पूर्ण नाव मोठ्यानं म्हणून पाहावं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या नावापुढे महाराष्ट्रात सरकारी कागदपत्रांत आधी आईचं, मग वडिलांचं नाव आणि शेवटी आडनाव असा क्रम आहे. आईचं नाव अपर्णा असेल, तर ‘पूर्णा अपर्णा’ हे यमक आयुष्यभर सोबत राहील.

बारशापर्यंत नाव सुचलंच नाही, तर घाई करू नये. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण ती बाळाच्या नावाशिवायही होते. नाव पुढे बारा महिन्यांपर्यंत शुल्क न भरता आणि त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून नोंदवता येतं.