शंभर व्हिडिओंचे आठ ढीग

शेतीविषयी बोलणारे एक मराठी यूट्यूब चॅनेल डोळ्यांसमोर आणा. चार वर्षांत शंभर व्हिडिओ झाले आहेत. कुठला विषय चालतो असे चालवणाऱ्याला विचारले, तर तो चटकन म्हणेल, "कांदा!" कारण भाव कोसळले त्या आठवड्यातला त्याचा व्हिडिओ ४ लाख ४० हजार वेळा पाहिला गेला आणि तो आकडा मनात घर करून बसला. कांद्यावरच्या उरलेल्या २१ व्हिडिओंचे काय झाले, हे त्याला आठवत नाही. ते कळायला शंभरही व्हिडिओंचे विषयवार ढीग पाडावे लागतात.

हाताने पाडता येतात, पण मग आपल्या मनातलेच कप्पे भरले जातात. म्हणून शीर्षके आणि ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे व्हिडिओत बोललेले सगळे लिहून काढलेला मजकूर, संगणकाला देऊन साम्य शोधायला लावतात. साधी पद्धत शब्द मोजण्याची. मराठीत ती लगेच अडखळते. कांदा, कांद्याला, कांद्यावर ही आपल्याला एकाच शब्दाची रूपे वाटतात; मोजणाऱ्या प्रोग्रामला ते तीन वेगळे शब्द असतात. त्यापेक्षा वाक्याच्या अर्थाचे आकड्यांच्या ओळीत रूपांतर करणारे मॉडेल बरे. अर्थ जवळचा असेल तर आकडेही जवळचे येतात. पुण्याच्या एलथ्रीक्यूब गटाने खास मराठीसाठी अशी मॉडेल खुली केली आहेत. मग के-मीन्स नावाची पद्धत जवळजवळचे आकडे एकत्र करते. ढीग किती हवेत ते आपणच सांगायचे. शंभर व्हिडिओंना सहा ते दहा करून पाहावेत. आपण आठ धरू.

इथे एक चूक हमखास होते आणि ती दिसतही नाही. ही मॉडेल एका वेळी काहीशे शब्दतुकड्यांपलीकडे वाचत नाहीत. वीस मिनिटांचे ट्रान्सक्रिप्ट दिले, तर सुरुवातीचा थोडा भाग वाचून बाकीचा सोडून देतात, बहुतेक वेळा कसलीही सूचना न देता. आणि सुरुवातीला काय असते? "नमस्कार शेतकरी मित्रांनो, चॅनेलला सबस्क्राइब करा." म्हणजे ढीग पडतात ते नमस्काराचे! एकाच ढिगात शेळीपालन, ठिबक आणि कांदा एकत्र आले आणि त्यांची सुरुवात तेवढी सारखी निघाली, तर हेच घडले असे समजावे. उपाय सोपा आहे. ठरावीक सुरुवात आणि शेवट काढून टाकायचा, उरलेल्याचे आठ-दहा वाक्यांचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याचे आकडे काढून त्यांची सरासरी घ्यायची. त्यानंतर प्रत्येक ढिगातले चार-पाच व्हिडिओ स्वतः वाचून मगच त्याला नाव द्यावे. हे वाचन मी कधीच टाळणार नाही.

आता मोजणी. जुना व्हिडिओ जास्त पाहिला गेलेला असणारच, म्हणून प्रत्येकाचे पहिले २८ दिवसच धरायचे. समजा, कांद्याच्या २२ व्हिडिओंची सरासरी साडेअठ्ठावीस हजार आली आणि ठिबकच्या १४ व्हिडिओंची पंधरा हजार. कांदा जिंकला? सगळे आकडे चढत्या क्रमाने लावून मधला आकडा पाहिला, तर कांद्याचा येतो नऊ हजार आणि ठिबकचा पुन्हा पंधरा हजारच. कांद्याची सरासरी त्या एकट्या व्हिडिओने फुगवली होती. ठिबकचा जवळजवळ प्रत्येक व्हिडिओ मात्र अकरा ते वीस हजारांच्या मध्ये आहे.

शीर्षकांचे आणि ट्रान्सक्रिप्टचे ढीग वेगवेगळे पाडले, तर आणखी एक गोष्ट उघडी पडते, आणि मला ती सर्वांत मोलाची वाटते. "यंदा भाव मिळणार का?" अशा शीर्षकांचा एक ढीग होतो, त्यावर लोक पटापट क्लिक करतात. त्यातल्या सहा व्हिडिओंचे बोलणे मात्र कांदा चाळीवरच्या ढिगात जाऊन पडते: हवा कशी खेळवायची, सड कशी रोखायची. भावासाठी आलेला माणूस दोन मिनिटांत निघून जातो. शीर्षकात सरळ चाळीचे नाव असलेले व्हिडिओ कमी लोक उघडतात, पण शेवटापर्यंत पाहतात. म्हणजे चाळीचा विषय पडेल नाही, त्याच्यावर चुकीची पाटी लागली आहे. नुसते व्ह्यूज पाहणाऱ्याला हे कळत नाही. त्यासाठी सरासरी किती टक्के व्हिडिओ पाहिला गेला, तो आकडा शेजारी ठेवावा लागतो.

तरी हंगामाचा घोळ उरतोच. उन्हाळ कांदा निघतो तेव्हा, एप्रिलमध्ये, चाळीचा व्हिडिओ पाहिला जाईल. तोच ऑक्टोबरमध्ये टाकला तर पडेल. ठिबकचे चौदापैकी अकरा व्हिडिओ उन्हाळ्याच्या तोंडावर टाकलेले असतील, तर ते यश विषयाचे की महिन्याचे, हे या ढिगांवरून सांगता येत नाही. म्हणून ठिबकचे पुढचे तीन व्हिडिओ जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीत टाकायचे आणि प्रत्येकाचे २८ दिवस मोजायचे.