नाळ कापल्यानंतर

१९३४ साली ऑस्लोमध्ये बोर्गनी एगेलांड नावाची एक आई आपल्या दोन मुलांना घेऊन आस्ब्यॉर्न फॉलिंग या डॉक्टरांकडे गेली. दोन्ही मुलं जन्मली तेव्हा धडधाकट होती. पुढे मात्र थोरल्या मुलीला मोजकेच शब्द बोलता येऊ लागले आणि चार वर्षांच्या मुलाला ना चालता येत होतं, ना बोलता. मुलांना एक विचित्र कुबट वास येतो, असं ती भेटेल त्या डॉक्टरला सांगत होती. कुणी मनावर घेतलं नव्हतं. फॉलिंग वैद्यकाबरोबर रसायनशास्त्रही शिकलेले होते. त्यांनी मुलांची लघवी तपासायला घेतली आणि तीत फेरिक क्लोराइडचे थेंब टाकले. एरवी तपकिरी रंग राहतो, तो राहिला नाही. लघवी गडद हिरवी झाली. चालू असलेली सगळी औषधं बंद करून पुन्हा तपासली, तरी हिरवीच. मग आई महिनोन् महिने लघवीच्या बाटल्या आणून देत राहिली. सुमारे २० लिटर लघवीतून फॉलिंगनी तो पदार्थ वेगळा काढला. ते होतं फेनिलपायरुविक आम्ल. त्या आजाराला आज आपण फेनिलकीटोन्युरिया, थोडक्यात पीकेयू म्हणतो.

हे आम्ल आलं कुठून, ते समजून घ्यायचं तर प्रथिनांपासून सुरुवात करावी लागेल. दूध, डाळ, अंडं, काहीही खा, त्यातली प्रथिनं पोटात सुटी होऊन अमिनो आम्लं बनतात. त्यातलं एक फेनिलअ‍ॅलानिन. शरीर गरजेपुरतं वापरतं, पण उरलेलं चरबीसारखं साठवून ठेवता येत नाही. यकृतातलं फेनिलअ‍ॅलानिन हायड्रॉक्सिलेज हे एन्झाइम त्याचं टायरोसिनमध्ये रूपांतर करतं आणि पुढची विल्हेवाट लागते. पीकेयूमध्ये हेच एन्झाइम निकामी असतं. फेनिलअ‍ॅलानिन रक्तात तुंबतं आणि त्यातलं काही आडवाटेने जाऊन तेच हिरवा रंग देणारं आम्ल तयार होतं. निरोगी माणसाच्या एक डेसिलिटर रक्तात सुमारे १ मिलिग्रॅम फेनिलअ‍ॅलानिन असतं. उपचार न झालेल्या तीव्र पीकेयूत ते २० मिलिग्रॅमच्याही वर जातं. एवढं फेनिलअ‍ॅलानिन वाढत्या मेंदूला सोसत नाही. शिवाय टायरोसिनचा तुटवडा पडतो. केसांचा, कातडीचा रंग त्यातूनच बनत असल्याने ही मुलं भावंडांपेक्षा उजळ आणि पिंगट केसांची दिसतात.

मग जन्माच्या वेळी मूल ठणठणीत कसं? कारण पोटात असेपर्यंत जादा फेनिलअ‍ॅलानिन वारेतून आईच्या रक्तात जातं आणि तिचं यकृत ते निस्तरतं. नाळ कापली की बाळाच्या यकृताला स्वतः काम करावं लागतं. पीकेयूचं बाळ दूध पितं, वजन धरतं, हसतंही. मेंदूचं नुकसान आठवड्या-महिन्यांत हळूहळू होतं आणि ते डोळ्यांना दिसतं तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

आहार बदलला तर फरक पडतो का, याचं उत्तर १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला बर्मिंगहॅममध्ये मिळालं. शीला नावाच्या जेमतेम दोन वर्षांच्या मुलीची आई डॉक्टर होर्स्ट बिकेल यांच्या मागेच लागली होती. मुलगी उभी राहत नव्हती, दिवसभर कण्हायची, डोकं आपटायची. बिकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुधातलं केसीन फोडून त्यातलं फेनिलअ‍ॅलानिन कोळशाच्या भुकटीने काढून टाकलं आणि तेच तिला अन्न म्हणून दिलं. काही महिन्यांत ती रांगू लागली, उभी राहू लागली, डोकं आपटणं थांबलं, केस काळपट होऊ लागले. हा आहाराचाच परिणाम, याची खात्री करण्यासाठी त्यांनी आईच्या नकळत तिच्या अन्नात रोज ५ ग्रॅम फेनिलअ‍ॅलानिन मिसळलं. काही तासांत रडणं सुरू झालं आणि एका दिवसात तिला उभं राहता येईना. मूल असं पणाला लावणं आज कोणतीही नैतिक समिती मान्य करणार नाही, आणि करूही नये. पण कारण आणि परिणाम यांचा संबंध इतका स्पष्ट दिसल्याची उदाहरणं वैद्यकात थोडी आहेत.

आता प्रश्न उरला तो मेंदू बिघडण्याआधी अशी मुलं शोधायची कशी, हा. अमेरिकेत बफेलोच्या रॉबर्ट गथ्री यांनी १९६०च्या सुमारास त्याचं उत्तर दिलं. बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब काढून गाळणकागदावर वाळवायचे आणि त्यातली चकती जिवाणूंच्या थाळीवर ठेवायची. थाळीत असं रसायन असतं की फेनिलअ‍ॅलानिन भरपूर असेल तरच जिवाणू वाढतात. चकतीभोवतीचं कडं मोठं, म्हणजे बाळाला धोका. आज हेच काम टँडम मास स्पेक्ट्रोमेट्री करते आणि एका ठिपक्यातून अनेक आजार कळतात. रक्त मात्र जन्मल्या जन्मल्या घेऊन चालत नाही. बाळ किमान चोवीस तास दूध प्यायलेलं हवं, नाहीतर आईच्या रक्ताने केलेली सफाईच अजून दिसत असते.

निदान झालं की हिशेब स्वयंपाकघरात येतो. समजा एका मुलाला दिवसाला ३०० मिलिग्रॅम फेनिलअ‍ॅलानिन सोसतं. एक ग्रॅम प्रथिनात ते साधारण ५० मिलिग्रॅम असतं, म्हणजे दिवसभरासाठी झाली ६ ग्रॅम प्रथिनं. गाईच्या दुधाचा एक लहान पेला घेतला की दिवस संपला. ३० ग्रॅम कणकेच्या दोन पोळ्यांतही तो संपतो. डाळ, उसळ, पनीर, अंडं, मासे हे विषयच बंद. आपल्या उपासाच्या पदार्थांतला साबुदाणा मात्र इथे फार उपयोगी पडतो, कारण त्यात प्रथिनं जवळजवळ नसतातच. खिचडी करायची, पण शेंगदाण्याचं कूट न घालता. तूप, तेल, साखर चालते. उरलेली प्रथिनांची गरज फेनिलअ‍ॅलानिन काढलेल्या आणि टायरोसिन घातलेल्या खास पावडरीतून भागवायची. ही पावडर महाग असते, चवीला वाईट असते, आणि ती आयुष्यभर घ्यावी लागते. तान्ह्या बाळाचं अंगावरचं दूध पूर्ण तोडत नाहीत. आईच्या दुधात प्रथिनं गाईच्या दुधापेक्षा बरीच कमी असतात, त्यामुळे रक्त तपासत तपासत ते मोजून देता येतं. डाएट शीतपेयांच्या बाटलीवर पीकेयूच्या रुग्णांसाठी इशारा छापलेला असतो तोही याचमुळे, त्यातल्या अ‍ॅस्पार्टेममधून फेनिलअ‍ॅलानिन सुटतं.

पीकेयूमध्ये निदान हाती असेल तर वागायला काही दिवसांची तरी सवड असते. प्रथिनांच्याच वाटेवरचा दुसरा बिघाड ही सवड देत नाही. अमिनो आम्लांत नायट्रोजन असतो आणि ती मोडली की त्याचा अमोनिया होतो. अमोनिया मेंदूला घातक असल्याने यकृत त्याचा निरुपद्रवी युरिया बनवून लघवीवाटे बाहेर टाकतं. हे युरिया चक्र हान्स क्रेब्स आणि कुर्ट हेन्सेलाइट यांनी १९३२ मध्ये मांडलं. त्यात मुख्य पाच एन्झाइम एकामागून एक काम करतात. त्यांतलं ऑर्निथिन ट्रान्सकार्बामायलेज, म्हणजे ओटीसी, निकामी असण्याचं प्रमाण सर्वांत जास्त आहे.

ओटीसीच्या बाळाची कहाणी बहुधा अशी घडते. पूर्ण दिवसांचा, तीन किलोचा मुलगा. पहिल्या दिवशी छान दूध ओढतो. दुसऱ्या दिवशी दूध ओढणं कमी, झोप जास्त. घरातली म्हणतात, बाळ दमलंय. तिसऱ्या दिवशी उलट्या, अंग ढिलं, श्वास भराभर. दवाखान्यात जंतुसंसर्ग धरून अँटिबायोटिक सुरू होतात आणि ते योग्यच असतं, कारण या वयात जंतुसंसर्ग कितीतरी जास्त आढळतो. पण रक्तातल्या वायूंच्या तपासणीत एक खूण मिळते. जंतुसंसर्गाने अत्यवस्थ झालेल्या बाळाचं रक्त सहसा आम्लाकडे झुकतं. इथे अमोनिया श्वसनकेंद्राला डिवचतो, श्वास वाढतो आणि रक्त अल्कलीकडे झुकतं. त्याच क्षणी अमोनिया तपासायला हवा, खरं तर कारण न कळता सुस्त झालेल्या प्रत्येक नवजात बाळाचा तपासायला हवा. नवजात बाळात तो लिटरमागे साधारण १०० मायक्रोमोलच्या आत असतो, या बाळांत हजाराच्याही पुढे जातो. नमुना दंड न आवळता घ्यायचा, बर्फात ठेवायचा आणि लगेच प्रयोगशाळेत पोचवायचा, नाहीतर नळीतच अमोनिया वाढून आकडा फसवतो.

आकडा मोठा आला की दूध, म्हणजेच प्रथिनं, ताबडतोब बंद करतात आणि शिरेतून ग्लुकोज देतात. उपाशी शरीर स्वतःचे स्नायू मोडू लागतं आणि त्यातूनही अमोनिया होतो, म्हणून हे ग्लुकोज. सोडियम बेंझोएट ग्लायसिनला आणि फेनिलब्युटिरेट ग्लुटामिनला पकडून नायट्रोजन आडवाटेने लघवीत काढतात. तेवढ्याने भागलं नाही तर डायलिसिस, आणि ते तासांत व्हावं लागतं. प्रथिनं एक-दोन दिवसांपलीकडे बंद ठेवत नाहीत, कारण तीही बाळाला लागतातच. बचावलेल्या मुलाला पुढे मोजून प्रथिनं, रोजची औषधं आणि अनेकदा यकृत प्रत्यारोपण लागतं.

चक्र कुठे अडलं ते रक्तातलं सिट्रुलिन सांगतं. ओटीसीत ते बनतच नाही म्हणून खूप कमी असतं, आणि लघवीत ओरोटिक आम्ल वाढतं. पुढचं एन्झाइम बिघडलं तर सिट्रुलिन प्रचंड तुंबतं, त्या आजाराला सिट्रुलिनेमिया म्हणतात. त्याच्याही पुढचं बिघडलं तर मुलाचे केस ठिसूळ होऊन तुटतात. अगदी शेवटचं, आर्जिनेज, बिघडलं तर चित्र वेगळंच असतं. तिथे पाय वर्षानुवर्षं हळूहळू ताठरत जातात.

पीकेयू आणि युरिया चक्राचे बहुतेक आजार आई आणि वडील दोघांकडून एकेक सदोष जनुक आलं तरच होतात. म्हणूनच नात्यातल्या लग्नांत, आपल्याकडच्या आते-मामे भावंडांच्या लग्नांतही, त्यांची शक्यता वाढते. ओटीसीचं तसं नाही. त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. आई वाहक असते आणि तीव्र आजार मुलग्यांना होतो. त्यामुळे डॉक्टरांनी विचारायचा प्रश्न असा: तुमचा एखादा भाऊ, मामा किंवा आधीचा मुलगा जन्मल्यावर आठवड्याच्या आत गेला होता का? स्वतः वाहक असलेल्या काही बायकांना लहानपणापासून डाळ, मांस नकोसं वाटतं आणि बाळंतपणानंतरच्या दिवसांत अचानक भ्रम होतो. तोही अमोनियाच असू शकतो.

भारतात या आजारांसाठी देशभर सक्तीची नवजात तपासणी नाही, आणि ओटीसी तर जिथे तपासणी होते तिथेही ठिपक्यात नेहमी सापडत नाही. २०२१च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात पीकेयू आणि युरिया चक्राचे आजार आहेत, आणि मुंबईचं केईएम रुग्णालय त्यासाठी नेमलेल्या केंद्रांपैकी एक आहे. बाळ वाचत नाहीसं दिसलं तरी निदान सोडू नये. त्याच्या रक्ताचे वाळलेले ठिपके आणि गोठवलेली लघवी जपून ठेवली आणि जनुकातला नेमका दोष सापडला, तर पुढच्या गरोदरपणात अकराव्या आठवड्याच्या सुमारास वारेचा अंश तपासून उत्तर मिळतं. घरच्यांना बाळ येण्याआधीच कळतं की नाळ कापल्याबरोबर अमोनिया तपासायचा आहे आणि औषधं तयार ठेवायची आहेत.