भाईंदरचीं खाचरें कोणत्या सालीं पडलीं?
(घरच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून गांवचा इतिहास)

भाईंदर, मिरा, नवघर, काशी व घोडबंदर या पांच ग्रामपंचायती मिळून १९८५ सालीं नगरपालिका झाली, आणि २००२ सालीं तिची महानगरपालिका झाली. हीं सालें कोणत्याहि कागदांत सांपडतात. परंतु वसईच्या खाडीलगतच्या भातखाचरांत शेवटचें पीक केव्हां निघालें व तें कां थांबलें, हें सांगणारीं माणसें आतां ऐंशीच्या घरांत आहेत. त्यांस कसें विचारावें, हें एका उदाहरणानें सांगतों.

माझ्या चुलत्यांस मीं प्रथम विचारलें, "काका, पूर्वीं गांव कसें होतें?" उत्तरादाखल जुन्या दिवसांची स्तुति तेवढी मिळाली. दुसऱ्या खेपेस एकच खाचर धरलें. त्यांजकडून जमिनीवर काडीनें नकाशा काढविला: खाडीचा बांध कोठें, पाणी सोडण्याची उघाडी कोठें, मिठागराची हद्द कोठें. मग कोणतें बियाणें पेरीत, हें विचारलें. हा प्रश्न महत्त्वाचा आहे. कारण रत्ता भात हें खारजमिनीचें पीक, तें पेरलें म्हणजे जमिनींत खार चढला होता असें समजावें.

साल विचारतांच काका म्हणाले, "नगरपालिका आली, त्या पावसांत बांध फुटला." म्हणजे १९८५. पण माजघरांतून काकी बोलल्या, "छे! तेव्हां मधला पाळण्यांत होता. नारळी पौर्णिमेचें उधाण होतें." मधल्या मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर जन्म जानेवारी १९७९ चा निघाला, तेव्हां बांध १९७९ च्या श्रावणांत फुटला. येथें एक सावधगिरी सांगतों. दाखल्यावर १ जून ही तारीख असेल तर तिजवर विसंबूं नये. शाळेंत नांव घालतांना मास्तरांनीं ती अजमासानें टाकलेली असण्याचा संभव फार.

यानंतर जुन्या सात-बाराची नक्कल काढली. गांव नमुना बारामध्यें १९७९-८० व १९८०-८१ या दोन्ही सालीं 'भात' आणि १९८१-८२ पासून 'पड' अशी नोंद होती. बांध फुटल्यावरहि दोन वर्षें भात कसें? मीं जन्मभर महसुलांत कारकुनी केली आहे. पीकपाहणी कधीं कधीं बांधावर न जातां चावडींत बसून गेल्या सालावरून उतरवीत, हें मला ठाऊक आहे. म्हणून कागद खरा कीं काकी खऱ्या, याचा निर्णय न करतां पुन्हां त्यांजकडेच गेलों. त्या म्हणाल्या, "वरच्या दोन खाचरांत दोन वर्षें रत्ता लावला. तिसऱ्या वर्षीं गवत." कागद व स्मरण दोन्ही जुळलीं. काकांच्या मनांत बांध फुटणें आणि गांवचा कारभार बदलणें या दोन गोष्टी एक झाल्या होत्या. वृद्धांच्या स्मरणांत असें वारंवार होतें. त्यास खोटेपणा म्हणूं नये. घरांतील दुसऱ्या माणसास निराळें बसवून तोच प्रश्न विचारावा.

बांध पुन्हां कां घातला नाहीं? काकी म्हणाल्या, पूर्वीं घरटीं एक माणूस बांधावर मातीस जात असे. त्या वर्षीं तरणे गडी सारे लोकलनें मुंबईस नोकरीला, मातीस चौघेच आले. म्हणजे या खाचरापुरतें तरी शहरानें शेत गिळलें नाहीं. आधीं बांधाचे हात गेले, मग शेत पडलें, आणि इमारती पुढें कित्येक वर्षांनीं आल्या. एका घरावरून साऱ्या गांवाचा निष्कर्ष काढूं नये. शेजारच्या चार खाचरांची हकीकत मिळाली म्हणजे मग बोलावें.

एक अडचण मात्र सर्वत्र येईल. जमिनीचें नांव काढतांच वडील माणसें गप्प होतात. वारसाहक्काची कांहीं खटपट असावी असें त्यांस वाटतें. माझ्याहि काकांनीं पहिल्या दिवशीं, "सही कशावर हवी?" असें विचारलें. म्हणून पहिल्या बैठकीस सात-बारा हातीं नेऊं नये, वांटणी चालूं असलेल्या घरीं जाऊंच नये, आणि लिहिलेलें त्याच दिवशीं त्यांस वाचून दाखवावें. वहीच्या माथ्यावर तारीख, सांगणाराचें वय व जवळ कोण बसलें होतें हें लिहावें; काकी माजघरांत नसत्या तर आमच्या वहींत १९८५ हेंच साल राहिलें असतें.