अँजिओग्राफीनंतरचा पिवळेपणा

पोंभुर्ण्याहून चंद्रपूर किंवा नागपूरला डोळे तपासायला गेलेला मधुमेही माणूस संध्याकाळी पिवळा होऊन परतला, तर घरचे आधी काविळीची शंका घेतात. हा पिवळेपणा बहुधा फ्लुरेसिन या रंगद्रव्याचा असतो.

डोळ्यांच्या अँजिओग्राफीत बाहुली मोठी करणारे थेंब घालतात आणि हाताच्या शिरेतून साधारण 5 मिलि रंग देतात. दहा-पंधरा सेकंदांत तो डोळ्यात पोचतो. निळा प्रकाश पडला की रंग हिरवट-पिवळा चमकतो आणि कॅमेरा पाच-दहा मिनिटे फोटो टिपत राहतो. एकच जागा वेळेगणिक कशी बदलते, हे त्यात पाहायचे असते. मधुमेहात केशवाहिनीला आलेला बारीक फुगवटा सुरुवातीला टाचणीच्या टोकाएवढा ठिपका दिसतो. उशिराच्या फोटोत तो पसरट, धूसर झाला, तर तिथून द्रव पाझरतोय. जिथे रक्तच पोचत नाही, तो भाग काळा राहतो. नव्याने फुटलेल्या नाजूक वाहिन्या मात्र भरपूर गळतात. लेसरचा निर्णय घेताना हे फोटो कामी येतात.

रंग मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतो. त्वचा काही तास पिवळी राहते. लघवी दीड दिवसापर्यंत गडद पिवळी-केशरी होते. टोचल्यावर काहींना मिनिटभर मळमळ होते, तीही लगेच ओसरते. पण अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा दम लागला, तर ती ॲलर्जी. तेव्हा थांबू नये, तिथल्या तिथे डॉक्टरांना सांगावे. दोन दिवसांनंतरही डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसला, तर काविळीची तपासणी करायलाच हवी.