‘अजून झालं नाही’ इंग्रजीत सांगताना

हिंजवडीतल्या एखाद्या कंपनीतून लंडनच्या वरिष्ठाला संध्याकाळी मेल जातो. कोणतं काम कुठवर आलं, याचा तो रोजचा हिशेब. त्यात साधारण अशी तीन वाक्यं असतात : ‘आय हॅड ऑलरेडी सेंट द रिपोर्ट ऑन मंडे. क्लायंट डिड नॉट रिप्लाय यट. स्टिल आय ॲम वेटिंग.’ अर्थ कळतो, काम अडत नाही. तरीही तिन्ही वाक्यं वाचताना लंडनवाला किंचित अडखळतो, आणि तिन्ही ठिकाणी अडखळण्याचं कारण वेगळं असतं.

मधल्या वाक्यापासून सुरुवात करू, कारण खरी गंमत तिथे आहे. मराठीत ‘उत्तर दिलं’ आणि ‘उत्तर दिलंय’ यांतला फरक आपण बोलताना बरोबर पाळतो. पण नकार आला की दोन्ही एकाच साच्यात जातात. ‘दिलं’चा नकार ‘दिलं नाही’. ‘दिलं आहे’चा नकारही ‘दिलं नाही’, कारण ‘आहे’च्या जागी येणारा शब्द ‘नाही’च. मुद्दाम ‘दिलेलं नाही’ म्हटलं तर फरक दिसतो, पण घाईत तसं कोण म्हणतं? मग ‘अजून उत्तर दिलं नाही’ हे वाक्य इंग्रजीत नेताना हाताशी येतं ते ‘डिड नॉट’.

इंग्रजीत मात्र इथे दोन वेगळे दरवाजे आहेत. ‘ही डिडन्ट रिप्लाय’ म्हणजे वेळ होती, ती गेली, उत्तर आलं नाही, विषय संपला. ‘ही हॅजन्ट रिप्लाइड’ म्हणजे आजच्या घडीला उत्तर नाही, पण दार उघडं आहे. ‘यट’ला हे उघडं दार लागतं, म्हणून ‘द क्लायंट हॅजन्ट रिप्लाइड यट’. स्वतःच्या कामाबद्दल लिहिताना तर हे जपायलाच हवं. ‘आय डिडन्ट कम्प्लीट इट’ वाचून वरिष्ठाला वाटू शकतं की तुम्ही काम सोडून दिलं. ‘आय हॅवन्ट कम्प्लीटेड इट यट’ म्हणजे काम हातात आहे.

पहिल्या वाक्यातला ‘हॅड’ही मराठीतूनच येतो. ‘सोमवारी पाठवला होता’ असं आपण सहज म्हणतो, त्यासाठी पुढे दुसरी घटना असावी लागत नाही. इंग्रजीतला ‘हॅड’ मात्र भूतकाळातल्या दुसऱ्या घटनेकडे बोट दाखवतो. ‘बाय द टाइम यू कॉल्ड, आय हॅड ऑलरेडी सेंट इट’ : फोन आला, त्याआधीच पाठवला होता. अशी दुसरी घटना नसताना ‘हॅड’ आला की वाचणारा ‘मग पुढे काय झालं?’ म्हणून शोधत बसतो. वार सांगायचा असेल तर साधं ‘आय सेंट इट ऑन मंडे’ लिहावं. वार महत्त्वाचा नसेल, काम उरकलंय एवढंच सांगायचं असेल, तर ‘आय हॅव ऑलरेडी सेंट इट’. दोन्हींची खिचडी करून ‘आय हॅव ऑलरेडी सेंट इट येस्टरडे’ लिहू नये. मराठीत ‘कालच पाठवलाय’ चालतं, इंग्रजीत ‘हॅव’ आणि ‘येस्टरडे’ यांचं जमत नाही.

तिसऱ्या वाक्यात काळ बरोबर आहे, ‘स्टिल’ची जागा चुकली आहे. वाक्याच्या तोंडाशी आलेला ‘स्टिल’ म्हणजे आपला ‘तरीही’. ‘अजून थांबलोय’ म्हणायचं असेल तर ‘आय ॲम स्टिल वेटिंग’. नकारात तो ‘हॅवन्ट’च्या आधी बसतो : ‘आय स्टिल हॅवन्ट रिसीव्ह्ड इट’. पण इथे जरा जपून. ‘यट’ आपल्या ‘अजून’सारखा शांत आहे, ‘स्टिल’ ‘अजूनही’सारखा कुरकुरतो. ‘यू हॅवन्ट रिप्लाइड यट’ ही आठवण झाली, ‘यू स्टिल हॅवन्ट रिप्लाइड’ ही तक्रार. ग्राहकाला लिहिताना कोणता शब्द निवडायचा, हे व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा आपल्या संयमावर ठरतं.

आता न्यू जर्सीतला भाचा म्हणेल, मामा, आमच्याकडे तर सगळे ‘डिड यू सेंड इट यट?’ विचारतात आणि ‘आय ऑलरेडी सेंट इट’ असं उत्तर देतात. त्याचं खरं आहे. अमेरिकन बोलण्यात ‘ऑलरेडी’ आणि ‘यट’सोबत साधा भूतकाळ सर्रास चालतो, ब्रिटिश वळणाच्या लेखनात मात्र ‘हॅव’ची अपेक्षा असते. त्यामुळे अमेरिकेला मेल जात असेल तर ‘डिडन्ट रिप्लाय यट’ फारसं कुणाला खुपणार नाही. विनाकारण आलेला ‘हॅड’ आणि ‘हॅव’शेजारचा ‘येस्टरडे’ मात्र दोन्हीकडे चूकच ठरतात. सुधारणा तिथून सुरू करावी.